मृत्युपत्रातलं एक वाक्य बदला: पुण्यातल्या वकिलांना आणि दस्तलेखकांना खुलं पत्र

पुणे शहरात मृत्युपत्रं लिहून देणाऱ्या वकील आणि दस्तलेखक बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार आणि सलाम.

तुमच्या संगणकात मृत्युपत्राचा एक तयार नमुना असतो. त्यात नाव, वय, पत्ता आणि चतुःसीमा भरल्या की दस्त तयार होतो. त्या नमुन्यातल्या पहिल्या दोन-तीन परिच्छेदांत हे वाक्य हमखास असतं: "सदर मिळकत माझी स्वकष्टार्जित असून तिची माझ्या इच्छेप्रमाणे विल्हेवाट लावण्याचा मला पूर्ण हक्क व अधिकार आहे." समोर बसलेला माणूस मुसलमान असेल तर हे वाक्य खोटं आहे. त्याला तो अधिकार नाही. घर त्यानं स्वतःच्या घामानं घेतलेलं असो की बापाकडून आलेलं असो, मृत्युपत्रानं तो फक्त एक तृतीयांशाची विल्हेवाट लावू शकतो. मुस्लीम कायद्यात वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित असा भेदच नाही.

या एका वाक्यामुळे आमच्या घरानं तीन वर्षं शिवाजीनगर कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. मी तीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवलं. अपूर्णांक हा माझा रोजचा धंदा होता, आणि तरीही माझ्या वडिलांच्या दस्तातले अपूर्णांक मी वेळेवर तपासले नाहीत. ज्यांनी तो दस्त लिहिला त्यांचं नाव मी इथे घेणार नाही. त्यांनी जे केलं ते तुमच्यातले बरेच जण रोज करतात, म्हणूनच हे पत्र तुम्हा सर्वांना लिहिते आहे.

आधी हकीकत सांगते. आम्ही चार भावंडं. थोरले भाईजान, मग मी, मग माझी बहीण आणि धाकटा भाऊ. भाईजान २०१४ साली गेले, अब्बा हयात असताना. मागे त्यांची बायको आणि बारा वर्षांचा मुलगा राहिला. इथून अब्बांच्या जिवाला घोर लागला, कारण त्यांना एक गोष्ट पक्की माहीत होती: मुलगा हयात असेल तर मेलेल्या मुलाची मुलं आजोबांची वारस होत नाहीत. हिंदू वारसा कायद्यात मेलेल्या मुलाची मुलं आणि विधवा त्याच्या जागी उभी राहून त्याचा हिस्सा घेतात. आमच्याकडे अशी जागा घेता येत नाही. जवळचा लांबच्याला बाजूला सारतो, आणि धाकटा भाऊ नातवापेक्षा एका पिढीनं जवळ होता.

अब्बा म्हणायचे, "पोरगं यतीम झालं, आता ते माझ्या मागे बेघर नको व्हायला." म्हणून २०१७ साली ते मृत्युपत्र करायला गेले. कोंढव्यातला फ्लॅट आणि बँकेतले पैसे, एवढीच त्यांची मिळकत होती. समोरच्या माणसानं त्यांची इच्छा विचारली आणि जशीच्या तशी उतरवली. निम्मा फ्लॅट धाकट्या मुलाला, निम्मा नातवाला, बँकेतली रक्कम बायकोला. मुलींना लग्नात दिलेलं आहे, सबब त्यांचा काही हक्क राहिलेला नाही. त्यावर आम्हा दोघी बहिणींची स्टँप पेपरवर वेगळी संमती घेतली, दुय्यम निबंधकांकडे नोंदणी केली आणि सांगितलं, "चाचा, आता एकदम पक्कं झालं."

त्यातलं पक्कं काहीच नव्हतं. बहुतेक मुसलमान कुटुंबांप्रमाणे आम्हीही सुन्नी हनफी, आणि हनफी कायद्यानं या दस्ताकडे पाहिलं की तो चार ठिकाणी फाटतो.

पहिली गोष्ट, मुलगा आणि बायको या दोघांना मृत्युपत्रानं काही देताच येत नाही. ते वारस आहेत, त्यांचा हिस्सा ठरलेला आहे, आणि वारसाच्या नावे केलेली वसीयत बाकीच्या वारसांनी मान्य केल्याशिवाय चालत नाही. दुसरी गोष्ट, मुलींचा हक्क नाही असं लिहिण्यानं त्यांचा हक्क जात नाही. लग्नात दिलेलं सोनं-नाणं वारशातून वजा करण्याची पद्धत या कायद्यात नाही. बापानं हयातीत दिलं ते दिलं, मेल्यावर मागे राहिलेल्या मालमत्तेत मुलीचा हिस्सा पूर्ण उभा राहतो. तिसरी गोष्ट, नातू वारस नव्हता, म्हणून त्याला देणं योग्यच होतं, पण ते एक तृतीयांशाच्या आत हवं होतं. आणि चौथी गोष्ट म्हणजे आमच्या दोघींची संमती. हनफी मतानुसार वारसांची संमती मृत्युपत्र करणाऱ्याच्या मृत्यूनंतरची लागते. तो हयात असताना मुलीकडे सोडायला हक्कच नसतो, नुसती आशा असते, आणि आशेचं हक्कसोडपत्र होत नाही. मोबदला घेऊन असा हक्क सोडलेल्या वारसाला पुढे तो सांगण्यापासून रोखता येतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९७३ चा निकाल आहे. आम्ही मात्र एक पैसाही घेतला नव्हता.

नोंदणीच्या शिक्क्याबद्दलही इथेच बोलते. दुय्यम निबंधक हे पाहतात की सही करणारा माणूस तोच आहे आणि त्यानं दस्त कबूल केला आहे. आतला मजकूर कायद्यात बसतो की नाही, हे त्या खिडकीवर तपासलं जात नाही. खरं तर मुसलमानाच्या मृत्युपत्राला नोंदणी, साक्षीदार, इतकंच काय, कागदसुद्धा लागत नाही. तोंडी वसीयतही चालते. पुराव्यासाठी नोंदणी करून घ्या, मी नको म्हणत नाही. पण तिला "पक्कं" म्हणू नका.

अब्बा २०२१ मध्ये गेले. चाळिसावा झाला आणि मृत्युपत्र बाहेर आलं. माझी बहीण तेव्हा अडचणीत होती, तिच्या नवऱ्याचं काम सुटलं होतं. तिनं विचारलं, माझा हिस्सा कुठे आहे? विचारण्याचा तिला पूर्ण हक्क होता. त्यावर धाकट्या भावाला कोणीतरी सांगितलं की वसीयत एक तृतीयांशाच्या वर गेली की सगळीच रद्द होते, म्हणजे नातवाला शून्य. भाऊ वाईट माणूस नाही. पण त्याला मिळालेला हा सल्ला चुकीचा होता, आणि पुढचं सगळं भांडण त्या सल्ल्यावर उभं राहिलं. मर्यादा ओलांडली तर वरचा भाग गळतो, एक तृतीयांश शाबूत राहतो. एवढं वाक्य कोणी पहिल्याच दिवशी ठामपणे सांगितलं असतं, तर दावा दाखल करायची वेळ आली नसती.

आता आकडे. मुलांना शिकवायचे तशीच एकेक पायरी घेते, कारण गोष्ट आकड्यांतच आहे.

फ्लॅटची किंमत चव्वेचाळीस लाख धरली, बँकेत सात लाख होते. एकूण ५१ लाख. पण एक तृतीयांश एक्कावन्नाचा काढायचा नाही. आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, आणि मग जे उरेल त्याचा तिसरा हिस्सा. दफनाचा खर्च पंचवीस हजार, हॉस्पिटलसाठी नातेवाइकांकडून घेतलेले सव्वादोन लाख. शिवाय अम्मीचा मेहर. तो एक तोळा सोन्याचा ठरला होता आणि पन्नास वर्षांत दिलाच गेला नव्हता. न दिलेला मेहर हे नवऱ्यावरचं कर्ज असतं आणि ते वारशाच्या आधी फेडायचं असतं. तुमच्या नमुन्यात त्यासाठी ओळ नाही, आणि घरातली बाई स्वतःहून ते बोलत नाही. त्याचे पन्नास हजार धरले. तीन लाख वजा जाता ४८ लाख राहिले.

मृत्युपत्र नसतंच तर काय झालं असतं? मुलंबाळं असताना विधवेचा हिस्सा एक अष्टमांश, म्हणजे अम्मीला ६ लाख. उरलेले ४२ लाख मुलगा आणि मुलींमध्ये दोनास एक या प्रमाणात. एक मुलगा, दोन मुली, म्हणून चार भाग झाले. भावाला २१ लाख, आम्हा बहिणींना साडेदहा-साडेदहा लाख, आणि नातवाला काही नाही.

भाईजान हयात असते तर? अम्मीचे ६ लाख तेच. बाकीच्या ४२ लाखांचे सहा भाग, दोन्ही भावांना १४-१४ लाख, आम्हा दोघींना ७-७.

हे दोन हिशेब शेजारी ठेवून पाहा. भाईजान आधी गेले म्हणून धाकट्या भावाचे सात लाख वाढले आणि आम्हा बहिणींचे साडेतीन-साडेतीन. ते चौदा लाख कुठून आले, हे सांगायला नको.

आता तिसरा हिशेब, अब्बांनी नातवाला नेमका एक तृतीयांश लिहून दिला असता तर. नातवाला १६ लाख. राहिलेल्या ३२ लाखांचा एक अष्टमांश अम्मीला, म्हणजे ४ लाख. उरलेल्या २८ लाखांतून भावाला १४ आणि आम्हा दोघींना ७-७. पडताळा घ्या: सोळा, चार, चौदा, सात, सात. बेरीज ४८.

मी हा हिशेब पहिल्यांदा मांडला तो कोर्टाच्या आवारात, तारखेच्या चिठ्ठीच्या मागे. मांडून झाल्यावर बराच वेळ त्याकडे बघत बसले. भावाला चौदा आणि आम्हाला सात-सात, म्हणजे भाईजान हयात असते तर जे मिळालं असतं तेच. कोणाही भावंडाचं एका पैशाचंही नुकसान नव्हतं. नातवाला त्याच्या बापाच्या वाट्याहून दोन लाख जास्त, आणि ते दोन लाख फक्त अम्मीचे कमी. अब्बांना जे हवं होतं ते कायद्याच्या चौकटीत पूर्ण होत होतं. कोणाला वगळायला नको होतं, कोणाची संमती नको होती. फक्त "निम्मा फ्लॅट" ऐवजी "एक तृतीयांश" लिहायला हवं होतं.

प्रत्येक घरात असंच जुळेल असं मात्र समजू नका. मागे विधवा, एक मुलगा आणि मेलेल्या मुलाचा मुलगा असेल, मुली नसतील, तर त्या मेलेल्या मुलाचा हिस्सा सात सोळांश झाला असता आणि तो एक तृतीयांशापेक्षा मोठा आहे. तिथे वसीयत कमी पडते. उलट भावंडं जास्त असतील तर एक तृतीयांश बापाच्या हिश्श्यापेक्षा बराच जास्त होतो, आणि मग समजुतीनं एक पंचमांश किंवा एक षष्ठांश लिहिणं न्यायाचं होतं. म्हणूनच दस्त टाईप करण्याआधी गणित करायला हवं.

शेवटी आमचा निकाल काय लागला तेही सांगते, कारण त्यात संमतीचा अर्थ दिसतो. मृत्युपत्रानं नातवाला निम्मा फ्लॅट, म्हणजे २२ लाखांचा हिस्सा दिला होता. कायद्यानं टिकले १६. वरच्या सहा लाखांना भावानं आणि बहिणीनं मान्यता दिली नाही. अम्मी द्यायला तयार होती, पण तिचा हिस्सा आधीच कमी झाला होता, म्हणून मीच तिला नको म्हटलं. मी दिली, अब्बांच्या पश्चात, लेखी. एका वारसाची संमती त्याच्याच वाट्यापुरती लागू होते. माझा वाटा बत्तीसांत सात, म्हणून सहा लाखांतले माझे १ लाख ३१ हजार २५० रुपये नातवाकडे गेले. २०२४ मध्ये तडजोडीवर सह्या झाल्या. भाच्यानं, म्हणजे माझ्या भावाच्या या मुलानं, ती तीन वर्षं डिप्लोमाची फी उसनवारीवर भरली.

तुम्ही म्हणाल, अब्बांनी सांगितलं तेच लिहिलं, लिहिणाऱ्याची चूक काय? चूक अशी की अब्बांना अर्धीच गोष्ट माहीत होती. नातू वारस होत नाही हे त्यांना मशिदीत, मोहल्ल्यात ऐकून माहीत होतं. त्याच्यासाठी दार कुठे ठेवलेलं आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. हिस्से कुराणातल्या सूरह निसाच्या ११, १२ आणि १७६ या आयतींमध्ये ठरवून दिलेले आहेत, आणि एक तृतीयांशाची मर्यादा येते हदीसमधून. साद इब्न अबी वक्कास मक्केत आजारी पडले, वाचण्याची आशा नव्हती, आणि त्यांना एकच मुलगी होती. त्यांनी पैगंबरसाहेबांना विचारलं, दोन तृतीयांश माल दान करू का? नाही. निम्मा? नाही. एक तृतीयांश? उत्तर मिळालं, एक तृतीयांश, आणि एक तृतीयांशही पुष्कळ झाला. वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा त्यांना खाऊन-पिऊन सुखी ठेवून जाणं बरं, असंही पुढे सांगितलं. मर्यादा वारसांच्या रक्षणासाठी आहे. आणि मर्यादेच्या आतली जागा वारसांच्या बाहेर जे राहतात त्यांच्यासाठी आहे.

इजिप्तनं १९४६ च्या वसीयत कायद्यात ही जागा अनाथ नातवंडांसाठी सक्तीचीच केली. आजोबांनी वसीयत केली नसली तरी एक तृतीयांशाच्या मर्यादेत मेलेल्या मुलाचा हिस्सा त्याच्या मुलांना मिळतो. पाकिस्ताननं १९६१ साली वेगळा मार्ग घेतला आणि नातवंडांना थेट बापाच्या जागी उभं केलं. आपल्याकडे १९३७ चा शरियत कायदा आहे, त्यात असं काही नाही. इथे नातवाचं भवितव्य आजोबांनी हयातीत केलेल्या एका कागदावर टांगलेलं असतं, आणि तो कागद तुम्ही लिहिता. (शेतजमिनीचा विषय त्या कायद्यानं वारशाच्या बाबतीत वेगळा ठेवला आहे. मी इथे शहरातल्या घराबद्दल आणि पैशांबद्दल बोलते आहे.)

म्हणून माझं मागणं आहे. मुसलमान अशील समोर बसला की जुना नमुना उघडू नका. आधी विचारा: सुन्नी की शिया? पुण्यात शिया कुटुंबंही आहेत, आणि शिया कायद्यात साधारणपणे एक तृतीयांशाच्या आत वारसालाही वसीयत करता येते, बाकीच्यांच्या संमतीशिवाय. संमती हयातीत दिलेलीही चालते. एकाला जे अचूक तेच दुसऱ्याला निरुपयोगी ठरतं. मग विचारा, कोण कोण हयात आहे, आणि कोणी मुलं मागे ठेवून गेलं आहे का. हा दुसरा प्रश्न मुद्दाम विचारा. म्हातारी माणसं मेलेल्या लेकराचं नाव काढायला कचरतात. मग कर्ज विचारा, आणि त्यात मेहर विचारा, जमलं तर बायकोच्या समोर.

लिहिताना खोली, मजला किंवा रुपये लिहू नका, अपूर्णांक लिहा. एक तृतीयांश मोजायचा तो मृत्यूच्या वेळच्या मिळकतीवर, आणि ती किती असेल हे आज कोणालाच माहीत नाही. २०१७ मध्ये अब्बांकडे बँकेत जास्त पैसे होते. आजारपणात ते गेले आणि सगळा भार फ्लॅटवर आला. आम्हाला हवं होतं ते कलम साधारण असं आहे: "माझ्या मृत्यूनंतर कफन-दफनाचा खर्च, देणं राहिलेला मेहर व इतर कर्ज फेडून जी मिळकत शिल्लक राहील तिचा एक तृतीयांश हिस्सा मी माझ्या मयत मुलाचा मुलगा याला देत आहे. उरलेली मिळकत माझ्या मृत्यूच्या दिवशी जे वारस असतील त्यांच्यात शरियतप्रमाणे वाटली जावी." दुसऱ्या वाक्यात वारसांची नावं आणि हिस्से घालण्याचा मोह टाळा. वारस कोण हे मृत्यूच्या दिवशी ठरतं, दस्ताच्या तारखेला नाही.

यात एक खाच आहे, ती चांगल्या चांगल्या वकिलांच्या नजरेतून सुटते. समजा, अब्बांच्या आधी माझा धाकटा भाऊही, अल्ला न करो, निपुत्रिक गेला असता. मग नातवाला अडवणारा मुलगा उरत नाही आणि नातू स्वतःच वारस होतो. अम्मीला एक अष्टमांश, आम्हा दोन मुलींना मिळून दोन तृतीयांश, आणि उरलेला पाच चोवीसांश नातवाला. ऐकायला बरं वाटतं. पण वारस झाल्याबरोबर त्याच्या नावे केलेली वसीयत वारसाच्या नावे केलेली वसीयत ठरते, आणि अम्मीनं व आम्ही बहिणींनी मान्य केल्याशिवाय ती पडते. एक तृतीयांशाऐवजी चोवीसांत पाच, म्हणजे सोळा लाखांऐवजी दहा. याला उपाय आहे. सून कधीच सासऱ्याची वारस नसते. एक तृतीयांशातला काही भाग विधवा सुनेच्या नावे लिहिला तर वारसांचं चित्र कसंही बदललं तरी तो भाग टिकतो. अब्बांना हे कोणी सुचवलं असतं तर ते लगेच हो म्हणाले असते. माझी वहिनी त्यांची औषधं शेवटपर्यंत सांभाळत होती.

एक तृतीयांशानं भागत नसेल तर हिबा आहे, म्हणजे हयातीतलं दान. त्याला तिसऱ्या हिश्श्याची मर्यादा नाही आणि ते वारसालाही करता येतं. पण इथेही फक्त कागद रंगवून चालत नाही. देणाऱ्यानं दिलं म्हणावं लागतं, घेणाऱ्यानं घेतलं म्हणावं लागतं, आणि ताबा खरोखर द्यावा लागतो. हिबानामा केला आणि भाडं स्वतःच घेत राहिले, चावी स्वतःकडेच ठेवली, तर तो हिबा कोर्टात टिकवणं अवघड होतं. अशिलाला हेही सांगा की हिबा पूर्ण झाला की घर त्याचं राहत नाही. मृत्युपत्र उद्या फाडता येतं, पूर्ण झालेला हिबा तसा फाडता येत नाही. आणि शेवटच्या दुखण्यात, ज्या आजारातून माणूस उठत नाही त्या आजारात केलेल्या हिब्याला पुन्हा तीच एक तृतीयांशाची मर्यादा लागते, आणि वारसाच्या नावे असेल तर संमतीही. त्यामुळे हॉस्पिटलच्या खाटेवर अंगठा घ्यायला तुम्हाला कोणी बोलावलं, तर घरच्यांना हे आधी सांगा आणि मगच शाईचं पॅड उघडा.

आणि मुलींच्या संमतीचे ते स्टँप पेपर कृपा करून बंद करा. त्यांनी कायद्यात काही साधत नाही, घरात मात्र साधतं. माझ्या बहिणीला पुढे वर्षभर ऐकावं लागलं की सही करून आता शब्द फिरवतेस. तिनं शब्द फिरवला नव्हता. ज्या हक्काचा अजून जन्म झाला नव्हता त्यावर तिची सही घेतली गेली होती.

आता अम्मीबद्दल सांगते आणि पत्र संपवते. तिच्या वाट्याचे चार लाख आणि मेहरचे पन्नास हजार तिनं बँकेत ठेवले आहेत. तिला त्यातून नातवाला द्यायचं आहे. तिचे वारस एक मुलगा आणि दोन मुली. मी तिच्यासाठी हिशेब मांडला. नातवाला एक तृतीयांश, राहिलेल्या दोन तृतीयांशातला निम्मा भावाला, पाव-पाव आम्हा दोघींना. म्हणजे एकूण सहा भागांतले नातवाला दोन, भावाला दोन, आम्हाला एक-एक. भाईजान हयात असते तर त्यांचा हिस्सा सहांत दोनच झाला असता, आणि आम्हा बाकीच्यांचाही हाच. या खेपेला कोणाचा एक रुपयाही इकडचा तिकडे होत नाही. भावाला कागद दाखवला, त्यानं दोनदा बेरीज केली आणि म्हणाला, "आपा, हे बरोबर आहे."

येत्या महिन्यात अम्मी तुमच्यापैकी कोणाकडे तरी येईल. तिला ऐकायला कमी येतं, तेव्हा जरा मोठ्यानं बोला. मेलेल्या मुलाबद्दल विचाराल तेव्हा ती थोडा वेळ थांबेल, तिला तो वेळ द्या. आणि स्वकष्टार्जित मिळकतीचं ते वाक्य आधीच काढून ठेवा.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका
पुणे